वारीसाठी तीन आठवड्यांची रजा: अर्जातच कामाची सोय कशी मांडायची

२०२३ च्या वारीला निघताना मी दिलेला रजेचा अर्ज चार ओळींचा होता. शेवटची ओळ होती, "माझ्या गैरहजेरीत अकाउंट्सचे काम सहायक पाहतील." साहेबांनी चहा पिता पिता सही केली. २० जूनला, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, आमच्या सहायकेने सगळे आकडे बरोबर भरले, चलन भरलं आणि शेवटचं बटण दाबलं. ओटीपी माझ्या मोबाइलवर गेला. मोबाइल माझ्या पिशवीत, पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये आणि मी फलटणच्या अलीकडे रस्त्यावर. रात्री मुक्कामी फोन चालू केला तेव्हा २३ मिस्ड कॉल होते. रिटर्न दुसऱ्या दिवशी गेलं. विलंब शुल्क पन्नास रुपये झालं, पण त्या संध्याकाळी ऑफिसात काय वातावरण होतं ते परत आल्यावर महिनाभर ऐकत होतो.

तिला काम येत नव्हतं असं अजिबात नाही. मी अर्जात माणसाचं नाव दिलं होतं, पण त्या माणसाला काम पूर्ण करता येईल का हे पाहिलं नव्हतं. २०२५ च्या वारीसाठी अर्ज लिहिला तो वेगळ्या पद्धतीने. तोच इथे उलगडून दाखवतो. आमची भागीदारी फर्म आहे, पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत मशीनिंगचं काम, साधारण साठ माणसं. अकाउंट्सला मी आणि एक सहायक, बाहेरून सीए. दोन भागीदार. तुमचं खातं वेगळं असेल तर तारखा बदलतील, बाकी रीत तीच.

आधी कॅलेंडर, मग अर्ज

२०२५ ला आषाढी एकादशी ६ जुलैला होती. माउलींची पालखी आळंदीहून १९ जूनला निघाली. पंढरपूरहून परत येऊन एक दिवस पाय शेकायला धरला की रजा १९ जून ते ९ जुलै, बरोबर २१ दिवस. त्यात तीन रविवार. आमच्याकडे रजेच्या मधले रविवार रजेत धरत नाहीत, म्हणून खात्यातून १८ दिवस जाणार. हा हिशेब अर्जात स्वतःच लिहावा. नाहीतर एचआरकडून "एकवीस की अठरा?" असा प्रश्न येतो आणि मूळ विषय बाजूला राहून त्यातच दोन दिवस जातात.

आता कागदाच्या डाव्या बाजूला १० जून ते १५ जुलै अशा तारखा खाली खाली लिहा. रजेच्या आठवडाभर आधीपासून आणि आठवडाभर नंतरपर्यंत. फक्त रजेचे दिवस लिहिले तर चूक होते, कारण रजा संपल्यावर लगेच येणाऱ्या कामाची तयारी रजेतच करावी लागते. प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशी संपलंच पाहिजे असं काम लिहा. रोजची नोंद, फायलिंग, फोन यात आणू नका. माझ्या कागदावर हे उतरलं:

११ जून, मे महिन्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न. १४ जून, जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, तयार होते. १५ जून, पीएफ आणि ईएसआय. २० जून, जीएसटीआर-३बी. ३० जून, व्यवसाय कर. ७ जुलै, जूनचा पगार आणि जूनमध्ये कापलेला टीडीएस. ११ जुलै, जूनचं जीएसटीआर-१. १५ जुलै, पुन्हा पीएफ-ईएसआय.

या यादीचे तीन ढीग करायचे. जे आधी उरकता येईल ते आधी उरकायचं. जे आल्यावर चालेल ते आल्यावर. उरलेलं तेवढंच दुसऱ्याच्या हाती द्यायचं. ऐकायला सोपं आहे, पण बहुतेक जण पहिला ढीग करतच नाहीत. मे महिन्याची ३बी २० जूनच्या रांगेत बसलेली दिसते, म्हणून ती सहायकेच्या खात्यात टाकून देतात. खरं तर १४ तारखेला २बी आली की खरेदीच्या नोंदवहीशी ताळा घालून १८ जूनला ती भरता येते. पीएफ-ईएसआयचंही तेच. १५ जून त्या वर्षी रविवार होता, म्हणजे तसंही शनिवारच्या आतच उरकायचं होतं.

हा ढीग काढल्यावर माझ्याकडे खऱ्या अर्थाने सोपवायची कामं तीनच राहिली: ३० जूनचा व्यवसाय कर, ७ जुलैचा पगार, ७ जुलैचा टीडीएस. आणि दर शुक्रवारची पुरवठादारांची पेमेंट्स. एवढंच. साहेबांना "तीन आठवडे" ऐकून जी धडकी भरते ती "तीन कामं आणि तीन शुक्रवार" ऐकून बरीच उतरते.

शेवटचं बटण कोणाच्या हातात?

प्रत्येक सोपवायच्या कामासमोर एकच प्रश्न लिहायचा: हे काम पूर्ण झालं असं सिस्टिमला सांगणारी शेवटची कृती कोणती आणि ती करायला काय लागतं? सही, ओटीपी, बँकेतली मंजुरी, तिजोरीची चावी, टॅलीचा पासवर्ड, जे असेल ते. माझी २०२३ ची फजिती नेमकी इथे झाली होती.

आमच्या पगाराचं उदाहरण घ्या. पगारपत्रक टॅलीतून निघतं, त्यावरून बँकेची फाइल बनते, ती नेट बँकिंगवर एक जण चढवतो आणि दुसरा मंजूर करतो. चढवणारा मी, मंजूर करणारे धाकटे साहेब. मी नसलो तर चढवणारच कोणी नाही. साहेब दोन्ही करू शकत नाहीत, बँकेची पद्धतच तशी आहे. म्हणजे सहायकेला चढवणारी म्हणून बँकेत नोंदवायला हवं. त्यासाठी बँकेचा फॉर्म, दोन्ही भागीदारांच्या सह्या, तिची ओळखपत्रं, मग बँकेकडून युजर आयडी, मग पहिला लॉगिन. आमच्या शाखेत याला अठरा दिवस लागले. दोनदा फॉर्म परत आला, एकदा शिक्का राहिला म्हणून आणि एकदा सही नमुन्याशी जुळली नाही म्हणून. हे काम रजेच्या आठवड्यात सुरू केलं असतं तर पगार ७ तारखेला झाला नसता. आणि आमच्यासारख्या कारखान्यात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. सवलत अशी काही नाही.

जीएसटी पोर्टलवर तर आमची जुनी चूकच होती. नोंदणीच्या वेळी साहेबांच्या नावापुढे माझा मोबाइल नंबर टाकला होता, "साहेबांना त्रास नको" म्हणून. अशी अनेक लहान फर्म असतात. तो नंबर बदलून घेतला. नव्या नंबरवर आणि नव्या ईमेलवर ओटीपी येतो की नाही हे मे महिन्याचं जीएसटीआर-१ भरतानाच पाहिलं.

इथे एक सोपा पण वाईट मार्ग दिसतो: आपला पासवर्ड सहायकेला देऊन टाकायचा. देऊ नका. एक तर ओटीपी तरीही तुमच्याच फोनवर येणार. दुसरं, तीन आठवड्यांत काही चुकीची एंट्री झाली तर ती तुमच्या नावावर दिसणार, आणि ती बिचारी निष्कारण अडकणार किंवा तुम्ही अडकणार. टॅलीत तिला वेगळा युजर असतोच, त्याचे अधिकार तीन आठवड्यांपुरते वाढवून घ्यायचे. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर काढता येतो. कुठलाही पासवर्ड अर्जात लिहायचा नाही, तो अर्ज एचआरच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो.

माणसाला आधी विचारा, आणि तिच्या डोक्यावरचं काहीतरी उतरवा

मी पहिल्यांदा अर्ज दिला तेव्हा सहायकेला तिचं नाव अर्जात आहे हे साहेबांकडून कळलं होतं. दुसऱ्या वेळी मी तिला आधी कागद दाखवला. तिने वाचला आणि म्हणाली, "सर, हे सगळं करीन, पण दुपारी चार ते सहा गाड्या निघतात तेव्हा ई-वे बिलं कोण काढणार? पगाराच्या दिवसांत मला दोन्ही जमणार नाही."

अगदी बरोबर होतं. माझं काम तिच्याकडे जातं तेव्हा तिचं काही काम दुसरीकडे गेलं पाहिजे. म्हणून १ ते ७ जुलै ई-वे बिलं डिस्पॅचच्या मुलाने काढायची असं ठरलं. त्याला सब-युजर आधीच होता, फक्त वापरायची सवय नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने दोन दिवस तिच्या शेजारी बसून बिलं काढली. पहिल्या दिवशी एका बिलात गाडीचा नंबर चुकला, तो तिथेच दुरुस्त केला. अशा चुका तालमीत झालेल्या बऱ्या.

शिवाय काही कामं सरळ थांबवायची. नवीन पुरवठादाराचं खातं उघडणं, जुन्या डेबिट नोटांचे वाद, खात्यांचा ताळा जुळवणं, ही कामं तीन आठवडे थांबली तर कोणाचं बिघडत नाही. पण हे अर्जात लिहिलेलं असावं. नाहीतर परचेसवाले २५ जूनला येऊन सहायकेच्या डोक्यावर उभे राहतात आणि तिला "नाही" म्हणायला काही आधार नसतो.

अर्ज किती आधी द्यायचा हे तालीम ठरवते

पगाराचं काम महिन्यातून एकदाच येतं. १९ जूनला निघायचं तर पगाराची तालीम करायला एकच संधी: मे महिन्याचा पगार, जो १ ते ७ जूनला होतो. त्या आठवड्यात सहायकेने पूर्ण पगार स्वतः करायचा, मी शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. माउस हातात घेतला की तालीम संपली, हे मी स्वतःला बजावलं होतं.

त्या दिवशी तिने हजेरीच्या मशीनमधून फाइल काढली, ओव्हरटाइमचे कागद सुपरवायझरकडून घेतले आणि थांबली. दोन माणसांच्या नावापुढे ओव्हरटाइम होता पण त्या दिवशीची हजेरी नव्हती. मी हे दर महिन्याला सुपरवायझरला फोन करून मिटवतो. ती गोष्ट कुठे लिहिलेलीच नव्हती, कारण ती मला काम वाटतच नव्हती. तालमीत अशा सहा गोष्टी निघाल्या. उचल घेतलेल्यांची वही माझ्या ड्रॉवरमध्ये असते, हीसुद्धा. त्या सहा गोष्टी एका पानावर लिहून पगाराच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. सोपवण्याच्या नोंदीत खरं तर हेच पान सर्वांत मोलाचं होतं.

तालमीची एक मर्यादा आहे आणि ती लक्षात ठेवायला हवी. मेच्या पगारात जे येत नाही ते जूनच्या पगारात येऊ शकतं. महाराष्ट्रात कामगार कल्याण निधीची कपात वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून होते आणि जूनची रक्कम १५ जुलैपर्यंत भरायची असते. मेच्या तालमीत ती दिसणारच नाही. म्हणून तेवढी वेगळी लिहून, मागच्या डिसेंबरचं पगारपत्रक उघडून दाखवली. तुमच्या कामात असं सहामाही किंवा तिमाही काही आहे का, हे आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्याची फाइल उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता उलट मोजा. तालीम १ जूनपासून. तालमीत फाइल सहायकेनेच बँकेत चढवायची, तर तिचा युजर आयडी मेअखेर हातात हवा. बँकेला दोन-तीन आठवडे धरले तर फॉर्म मेच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा. आणि फॉर्मवर भागीदारांच्या सह्या लागतात, त्या रजा मंजूर झाल्याशिवाय कोण देणार? म्हणून अर्जाची तारीख निघाली २ मे. रजेच्या सात आठवडे आधी. नियमात पंधरा दिवस पुरेसे असतील, पण पंधरा दिवसांत सोपवणी होत नाही, फक्त कळवणी होते.

अर्ज

एक पान, जास्तीत जास्त दीड. भक्तिभाव, माउलींची ओढ वगैरे मी एका वाक्यात संपवतो. आमचे साहेब स्वतः पालखीच्या दर्शनाला जातात, त्यांना ते समजतं. वाचणाऱ्याला जे पाहिजे ते म्हणजे तारखा आणि त्याने स्वतः काय करायचं आहे. साहेबांकडून अपेक्षित असलेल्या गोष्टी वेगळ्या लिहिल्या नाहीत तर त्या होत नाहीत.

> दि. २ मे २०२५
>
> प्रति,
> माननीय भागीदार महोदय
>
> विषय: दि. १९ जून ते ९ जुलै २०२५ अर्जित रजा व त्या काळातील कामाची व्यवस्था
>
> महोदय,
>
> आषाढी वारीसाठी मला गुरुवार दि. १९ जून ते बुधवार दि. ९ जुलै अशी रजा हवी आहे. एकूण २१ दिवस, त्यात तीन रविवार, म्हणजे खात्यातून १८ दिवस. गुरुवार दि. १० जुलै रोजी मी कामावर हजर होईन.
>
> जाण्यापूर्वी मी स्वतः पूर्ण करणार: मे महिन्याचे जीएसटीआर-१, पीएफ व ईएसआय (१३ जूनपर्यंत), मे महिन्याची जीएसटीआर-३बी (१८ जूनपर्यंत).
>
> माझ्या रजेत पुढील कामे होतील:
>
> | तारीख | काम | करणार | मंजुरी |
> |---|---|---|---|
> | २०, २७ जून, ४ जुलै | पुरवठादारांची पेमेंट्स | अकाउंट्स सहायक | धाकटे साहेब |
> | २७ जून (अंतिम ३० जून) | व्यवसाय कर | अकाउंट्स सहायक | धाकटे साहेब |
> | १ ते ३ जुलै | हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक | अकाउंट्स सहायक | – |
> | ४ जुलै | पगारपत्रकाची तपासणी | धाकटे साहेब | – |
> | ५ जुलै (अंतिम ७ जुलै) | पगार बँकेत, टीडीएस चलन | अकाउंट्स सहायक | धाकटे साहेब |
> | ९ जुलै | जूनची विक्री नोंद जीएसटीआर-१ साठी तयार | अकाउंट्स सहायक | – |
>
> १ ते ७ जुलै ई-वे बिले डिस्पॅच विभाग काढेल. याबाबत संबंधितांशी बोलणे झाले असून त्यांची संमती आहे.
>
> १० जुलैपर्यंत थांबतील अशी कामे: नवीन पुरवठादार खाती, डेबिट नोटांचे वाद, खात्यांची जुळवणी.
>
> आपल्याकडून पुढील बाबी हव्या आहेत: (१) सहायकेला बँकेत फाइल चढवण्याचा अधिकार देण्यासाठी सोबतच्या फॉर्मवर दोन्ही भागीदारांच्या सह्या, शक्यतो ७ मेपर्यंत, (२) जीएसटी पोर्टलवरील मोबाइल नंबर आपल्या नावे बदलण्यास संमती, (३) ४ जुलै रोजी दुपारी अर्धा तास.
>
> मे महिन्याचा पगार (१ ते ७ जून) सहायक माझ्या उपस्थितीत पूर्ण करतील. त्यात अडचण दिसल्यास ९ जूनपर्यंत मी आपणास कळवीन व व्यवस्था बदलू.
>
> संपर्क: दररोज रात्री ८ ते ८.३० फोन चालू असेल. दिवसा संपर्क होणार नाही. जीएसटी व टीडीएसच्या शंका सीए कार्यालयाकडे विचाराव्यात, त्यांना कळवले आहे.
>
> कृपया रजा मंजूर करावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही)
> लेखापाल

यातल्या दोन गोष्टींवर थोडं थांबतो. पहिली, टेबलात दोन तारखा आहेत, ठरवलेली आणि अंतिम. ७ जुलै सोमवार होता, ६ ला रविवार. पगार ७ ला करायचा ठरवला तर सोमवारी सकाळी बँकेची साइट अडली की संपलं. ५ ला ठरवला की हातात एक पूर्ण कामाचा दिवस राहतो. टीडीएसला तर हे जास्तच लागू. तो एक दिवस उशिरा भरला तरी व्याज कर कापल्याच्या तारखेपासून दरमहा दीड टक्का लागतं आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. जूनमध्ये कापलेला ८ जुलैला भरला तर दोन महिन्यांचं, म्हणजे तीन टक्के.

दुसरी, साहेबांचा अर्धा तास. पगारपत्रक तपासा म्हटलं तर साठ ओळी कोणी वाचत नाही. म्हणून मी त्यांना तीनच आकडे पाहायला सांगितले: माणसं किती, एकूण पगार मागच्या महिन्यापेक्षा किती हलला, आणि पगारपत्रकातली हातात पडणारी रक्कम बँकेच्या फाइलच्या बेरजेशी जुळते का. एकूण रक्कम पाच टक्क्यांहून जास्त हलली असेल तर कारण विचारायचं. ४ जुलैला रक्कम सात टक्के वाढलेली निघाली. कारण होतं जूनच्या शेवटच्या आठवड्यातला ओव्हरटाइम, सुपरवायझरच्या कागदावर सगळा सापडला. पाच मिनिटांत विषय संपला.

रात्री आठ ते साडेआठ

"गरज पडली तर कधीही फोन करा" असं अर्जात लिहायचा मोह होतो. लिहू नका. वारीत दिवसा फोन हातात नसतो. दिवेघाट चढताना कोण उचलणार, आणि लाखोंच्या गर्दीत नेटवर्क असलं तरी बोलता येत नाही. मुक्कामी तंबूत चार्जिंगच्या एका बोर्डाला वीस फोन लटकलेले असतात. खोटं आश्वासन दिलं की समोरचा दिवसभर वाट पाहतो आणि स्वतः निर्णय घ्यायचं टाळतो. ठरावीक अर्धा तास सांगितला की शंका साठवून रात्री विचारतात, आणि त्यातल्या निम्म्या संध्याकाळपर्यंत आपोआप सुटलेल्या असतात. सासवडच्या दोन मुक्कामांत मला एकही फोन आला नाही. मलाच चुकल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. मी स्वतःहून फोन मात्र केला नाही.

सहायकेशी एवढंच ठरवलं होतं की मोठं काम झालं की एक ओळ पाठवायची. ५ जुलैला, पंढरपुरात पोचलो त्या रात्री मेसेज होता: "पगार गेला. टीडीएस चलन फोल्डरमध्ये. एकाचा खाते नंबर बंद होता, त्याचे पैसे परत आले, सोमवारी चेकने देते." बंद खात्याची शक्यता मी कुठेच लिहिली नव्हती. तिने स्वतःच मार्ग काढला. अशी एखादी गोष्ट राहणारच.

परत घेताना

१० जुलैची सकाळ नऊ ते साडेदहा मी फक्त तिच्यासाठी ठेवली होती. मेल उघडली नाही. तिने तीन आठवड्यांत काय झालं, काय अर्धं आहे, काय तिने ठरवलं आणि का, हे सांगितलं. मग तिचे टॅलीतले वाढीव अधिकार त्याच दिवशी परत कमी केले आणि डिस्पॅचच्या मुलाला ई-वे बिलं चालू ठेवायची का ते विचारलं. त्याला आवडली होती, चालू राहिली. बँकेतला तिचा चढवण्याचा अधिकार मात्र काढला नाही. साहेब म्हणाले, "राहू दे, तुम्ही आजारी पडलात तर?" ११ तारखेचं जीएसटीआर-१ तिच्या तयार नोंदींवरून दुपारपर्यंत गेलं. १५ च्या आत पीएफ, ईएसआय आणि कल्याण निधी.

हाच अर्ज पुढच्या वर्षी तारखा बदलून चालेल असं मला वाटलं होतं. चालत नाही. २०२६ ला अधिक मास आल्यामुळे एकादशी थेट २५ जुलैला. म्हणजे रजा साधारण जुलैची ७ तारीख उलटता उलटता सुरू होते. पगार आणि टीडीएस मी स्वतः करून निघू शकतो, पण ११ चं जीएसटीआर-१, १५ चा पीएफ आणि २० ची ३बी, तिन्ही रजेत. २बी १४ ला येते, तेव्हा ३बी आधी उरकायचा रस्ताच बंद. मग तालीम जूनमधल्या ११, १५ आणि २० तारखांना करायला हवी आणि खरेदीचा ताळा घालणं सहायकेला शिकवायला हवं. पगाराच्या तालमीपेक्षा हे अवघड काम आहे, कारण न जुळणाऱ्या बिलांचं काय करायचं याचं उत्तर प्रत्येक पुरवठादारागणिक वेगळं असतं. त्यामुळे यंदा अर्ज एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच द्यायचा ठरवलंय. तिने मेच्या २० तारखेची ३बी माझ्यासमोर एकदा करावी आणि जूनची स्वतः एकटीने, मी शेजारच्या केबिनमध्ये असताना.